जो कोड पाठवलाच जात नाही, तो वाटेत चोरायचा कसा?
(अल्पबचतदारांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



आज आपण एकाच गोष्टीवर बोलणार आहोत: लॉगिन करताना आपण टाकतो तो सहा अंकी कोड. तो दोन तऱ्हांनी मिळतो. एक तर एसएमएसने येतो, त्याला आपण सगळे ओटीपी म्हणतो. नाहीतर तो फोनमधल्या एका अ‍ॅपवर दिसतो, त्या अ‍ॅपला ऑथेंटिकेटर म्हणतात. दिसायला दोन्ही सारखेच, सहा अंक. पण चोराच्या दृष्टीने दोघांत मोठा फरक आहे. तो फरक समजला, की कुठल्या खात्याला काय लावायचं हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आधी हा दुसरा कोड लागतो कशाला, ते पाहू. पासवर्ड म्हणजे तुम्हाला माहीत असलेली गोष्ट. ती दुसऱ्याला कळू शकते. खोट्या केवायसीच्या लिंकवर तुम्ही ती टाकता, कुणी मागे उभं राहून पाहतं, किंवा तोच पासवर्ड तुम्ही दुसऱ्या एखाद्या वेबसाइटवर वापरलेला असतो आणि तिथून तो फुटतो. म्हणून दुसरा पुरावा मागितला जातो, तो म्हणजे तुमच्या हातात असलेली एखादी वस्तू. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना असा जादा पुरावा सक्तीचा केला, आणि आपल्याला एसएमएसच्या ओटीपीची सवय लागली.

आपण धरून चालतो की ही ‘हातातली वस्तू’ म्हणजे आपला फोन. एसएमएसच्या बाबतीत ते खरं नाही. खरी गोम इथेच आहे.

तुमचा नंबर तुमच्या फोनमध्ये नसतो

एसएमएस तुमच्या फोनवर कसा येतो पाहा. बँकेचा संगणक कोड तयार करतो. तो एसएमएस पाठवणाऱ्या मधल्या कंपनीकडे जातो. तिथून मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्रात जातो. मोबाइल कंपनी आपल्या नोंदवहीत पाहते: हा दहा अंकी नंबर आत्ता कुठल्या सिमकार्डाच्या नावावर लावलेला आहे आणि ते सिम कुठल्या भागातल्या टॉवरवर आहे? जे उत्तर मिळेल तिकडे संदेश रवाना होतो.

म्हणजे तुमचा दहा अंकी नंबर ही कंपनीच्या नोंदवहीतली एक ओळ आहे. सिमकार्डाला स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक असतो, आणि ‘अमुक मोबाइल नंबर म्हणजे तमुक सिम’ असं त्या ओळीत लिहिलेलं असतं. सिम हरवलं, फोन पाण्यात पडला, तर आपण दुकानात जाऊन नवं सिम घेतो आणि नंबर तोच राहतो. तो कसा राहतो? ती ओळ बदलतात म्हणून. तुमच्या जुन्या सिमला हातही न लावता नंबर नव्या सिमवर जातो.

ही सोय आपल्याला हवीच आहे. पण जी ओळ आपल्यासाठी बदलता येते, ती आपल्या नावाने दुसऱ्यालाही बदलून घेता येते. यालाच सिम स्वॅप किंवा डुप्लिकेट सिमची फसवणूक म्हणतात. चोर खोटं ओळखपत्र घेऊन दुकानात जातो आणि सिम हरवल्याचं सांगतो. कधी दुकानातलाच माणूस फितूर असतो. कधी चोर तुम्हालाच कामाला लावतो: ‘कंपनीतून बोलतोय, तुमचं सिम अपग्रेड करायचंय, सिमच्या मागे छापलेला लांबलचक क्रमांक सांगा, आणि फोन आला की एक दाबा.’ आता ई-सिम आल्यापासून प्लास्टिकचं कार्डही लागत नाही. तुमच्याकडून एक विनंती मान्य करून घेतली, की नंबर चोराच्या फोनवर चालू होतो. तुम्ही बडोद्यात असाल आणि चोर दुसऱ्या शहरात, तरी त्याला काही अडत नाही.

डिसेंबर २०१८ च्या अखेरीस मुंबईतल्या एका व्यापाऱ्याच्या बाबतीत असंच घडलं. रात्री फोनवर काही मिस्ड कॉल आले, सकाळी सिम बंद पडलेलं होतं, आणि खात्यांतून १ कोटी ८६ लाख रुपये निघून गेले होते. त्यांचा फोन सगळा वेळ त्यांच्याच घरात होता.

एक प्रसंग तपशिलात पाहू

आता एक कल्पित उदाहरण घेऊ, पण ते आपल्यासारख्या माणसाचं. एक निवृत्त गृहस्थ आहेत. बचत खात्यात ६० हजार, त्याच बँकेत ४ लाखांची मुदत ठेव, आणि एका ब्रोकरकडे डीमॅट खातं, त्यात थोडे शेअर्स. ईमेल एकच आहे, आणि बँक आणि ब्रोकर दोघांकडे तोच दिलेला आहे.

बुधवारी त्यांना संदेश येतो की केवायसी संपलं. लिंकवर ते नेट बँकिंगचं नाव, पासवर्ड आणि जन्मतारीख टाकतात. पान बंद पडतं. ते विसरून जातात. चोराला पहिला घटक मिळाला.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता चोर डुप्लिकेट सिम काढतो. सहा वाजता आपल्या गृहस्थांच्या फोनवर रेंजच्या जागी ‘No service’ किंवा ‘Emergency calls only’ दिसू लागतं. घरात वायफाय असल्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप चालू असतं. त्यांना वाटतं, टॉवर गेला असेल. बऱ्याच जणांचा घात या एका वाक्याने होतो.

इथे सरकारने आपल्याला थोडी सवलत दिली आहे. दूरसंचार विभागाच्या सूचनेनुसार सिम बदललं की नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. म्हणजे चोराला शनिवारी संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं. हे २४ तास तुमचे आहेत. पण लक्षात ठेवा, हा नियम एसएमएसपुरता आहे. कोड फोन कॉलवर ऐकवण्याची सोय एखाद्या सेवेत असेल, तर तिला तो आड येत नाही.

शनिवारी रात्री चोर नेट बँकिंग उघडतो. पासवर्ड आहेच, ओटीपी आता त्याच्या हातातल्या सिमवर येतो. तो मुदत ठेव ऑनलाइन मोडतो, आणि पैसे बचत खात्यात येतात. तो एक नवं खातं लाभार्थी म्हणून जोडतो, त्याचाही ओटीपी त्यालाच येतो. अनेक बँका नव्या लाभार्थ्याला सुरुवातीला कमी रकमेची मर्यादा ठेवतात, म्हणून तो पैसे तुकड्यातुकड्यांत काढतो.

त्याच वेळी तो ईमेलकडे वळतो. पासवर्ड विसरलो म्हणतो. ईमेल सेवा विचारते, तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर कोड पाठवू का? तो हो म्हणतो. कोड येतो, ईमेल त्याच्या ताब्यात जातं. आता बँकेकडून येणाऱ्या सूचनांच्या मेल तो पुसून टाकतो. मग ब्रोकरच्या वेबसाइटवर तोच खेळ: पासवर्ड विसरलो, मेलवर लिंक, मोबाइलवर कोड, आणि डीमॅट उघडतं. तुम्ही म्हणाल, शेअर्स विकले तरी पैसे माझ्याच बँक खात्यात जमा होणार ना? होतील. पण ते बँक खातं आत्ता कुणाच्या ताब्यात आहे?

बघा, चोराने गृहस्थांचा फोन फोडला नाही, तो चोरलाही नाही. त्याने कंपनीच्या नोंदवहीतली एक ओळ बदलून घेतली, आणि तीन कुलपं एका किल्लीने उघडली.

अ‍ॅपमधला कोड येतो कुठून?

आता ऑथेंटिकेटर पाहू. गूगल ऑथेंटिकेटर, मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर अशी ही अ‍ॅप्स मोफत असतात. ती उघडली की सहा अंक दिसतात, आणि ते दर ३० सेकंदांनी बदलतात. बहुतेकांना वाटतं की हा कोड इंटरनेटवरून येत असणार. तो कुठूनच येत नाही. फोन विमान मोडवर टाका, सिम काढून ठेवा, वायफाय बंद करा. कोड बदलत राहतात आणि ते बरोबरही असतात.

हे कसं होतं ते पंचांगाच्या उदाहरणाने समजेल. एक भाऊ इंदूरला, दुसरा बेळगावला. दोघांकडे एकच पंचांग आहे. एकमेकांना फोन न करता दोघेही आज कुठली तिथी ते सांगतील आणि उत्तर एकच येईल. का? पुस्तक तेच आणि तारीखही तीच म्हणून. आता कल्पना करा की हे पंचांग जगात फक्त दोन प्रतींत छापलं आहे, एक तुमच्या फोनमध्ये आणि एक ईमेल कंपनीच्या संगणकात. तिसऱ्या माणसाला आजची तारीख माहीत असून काही उपयोग नाही, कारण त्याच्याकडे पुस्तकच नाही.

अ‍ॅप सुरू करताना पडद्यावर चौकोनी क्यूआर कोड दिसतो आणि आपण तो स्कॅन करतो. त्या चौकोनात ते गुप्त पंचांग असतं, म्हणजे खरं तर एक लांब, यादृच्छिक गुप्त किल्ली. ती त्या एकाच वेळी फोनमध्ये जाते. त्यानंतर फोन दर वेळी दोन गोष्टी घेतो, ती किल्ली आणि घड्याळ. घड्याळ तो १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले अशा रूपात मोजतो आणि त्याला ३० ने भागतो. म्हणजे १ जानेवारी २०२६ रोजी पहाटे साडेपाच वाजता भारतात ३० सेकंदांचा ५,८९,०७,५२० क्रमांकाचा तुकडा सुरू झाला. हा आकडा आणि किल्ली एका गणिती प्रक्रियेत घालून सहा अंक काढतात. तिकडे कंपनीचा संगणकही तेच गणित करतो. दोन्ही उत्तरं जुळली की दार उघडतं.

हे गणित उलट्या बाजूने सोडवता येत नाही. म्हणजे कुणी तुमचा एक कोड पाहिला, तरी त्यावरून किल्ली काढता येत नाही आणि पुढचा कोडही सांगता येत नाही. ही पद्धत २०११ मध्ये खुल्या मानकाच्या रूपात प्रसिद्ध झाली. म्हणूनच एका कंपनीचं अ‍ॅप दुसऱ्या कंपनीच्या खात्यालाही चालतं.

आता आपल्या गृहस्थांकडे परत जाऊ. समजा त्यांच्या ईमेलला आणि डीमॅटला ऑथेंटिकेटर लावलेलं होतं. शनिवारी रात्री चोराकडे त्यांचा नंबर आहे. तो ईमेल उघडू पाहतो, तर पडद्यावर ‘अ‍ॅपमधला कोड टाका’ असं येतं. अ‍ॅप गृहस्थांच्या फोनमध्ये आहे, घरात टेबलावर. नोंदवहीतली कुठलीही ओळ बदलून ती किल्ली चोराच्या फोनवर जात नाही, कारण मोबाइल कंपनीकडे ती कधी नव्हतीच. अंदाजाने कोड टाकावा तर दहा लाख शक्यता, आणि काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं आपणहून अडवतं. ईमेल वाचलं, डीमॅट वाचलं.

बँकेचं काय? खरं सांगायचं तर बँकेचा कोड एसएमएसनेच येत असेल, तर बँक खातं अजूनही उघडंच आहे. त्याबद्दल पुढे बोलतो.

एसएमएस वाटेत गाठण्याचे आणखी दोन मार्ग

डुप्लिकेट सिम हा एकच मार्ग नाही. दुसरा आपल्याकडे फार चालतो. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल येते, लग्नाची पत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून. नावाच्या शेवटी ‘.apk’ असतं. ती पत्रिका नसते, ते अ‍ॅप असतं. ते बसवताना एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं. आपण हो म्हटलं, की येणारा प्रत्येक ओटीपी गुपचूप चोराकडे जातो. इथे रेंजही जात नाही आणि संशयही येत नाही. ऑथेंटिकेटरचा कोड एसएमएसच्या पेटीत नसतोच, त्यामुळे ही परवानगी तिथे निरुपयोगी ठरते. मात्र असल्या अ‍ॅपला तुम्ही पडदा पाहण्याची किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी दिली, तर ते अ‍ॅपमधला कोडही पाहू शकतं.

तिसरा मार्ग आपल्या हातात मुळीच नाही. जगभरातल्या मोबाइल कंपन्या एकमेकांशी ज्या जुन्या व्यवस्थेतून बोलतात, ती १९७० च्या दशकातली आहे. तिचं नाव एसएस-७. त्या काळी मोजक्याच कंपन्या होत्या आणि त्यांचा एकमेकांवर विश्वास होता, म्हणून ‘हा निरोप खरंच त्या कंपनीचा आहे का’ हे तपासण्याची नीट सोय तिच्यात ठेवली गेली नाही. जानेवारी २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी आधी बँक ग्राहकांचे पासवर्ड मिळवले आणि मग याच व्यवस्थेतून त्यांचे एसएमएस स्वतःकडे वळवले. टेलिफोनिका कंपनीने ते मान्य केलं. त्या ग्राहकांचं सिम बदललेलं नव्हतं. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत एसएमएसच्या कोडला ‘मर्यादित’ वर्गात टाकलं ते अशाच कारणांनी. वापरा, पण धोका ओळखून आणि दुसरा पर्याय देऊन, असा त्याचा अर्थ.

तिन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. कोड एका ठिकाणी तयार होऊन दुसऱ्या ठिकाणी जातो आणि चोर त्या वाटेवर बसतो. अ‍ॅपच्या कोडला वाटच नाही.

अ‍ॅप कुठे हरतं?

आता दुसरी बाजू. चोराने तुम्हालाच फोन केला आणि तुम्ही अ‍ॅपमधला कोड वाचून दाखवलात, तर अ‍ॅप काही करू शकत नाही. ३० सेकंद हा थोडा वेळ वाटतो, पण पलीकडचा माणूस लॉगिनचं पान उघडून तयारच बसलेला असतो. खोट्या वेबसाइटचंही तसंच. तुम्ही तिथे कोड टाकता, आणि ती त्याच क्षणी तो खऱ्या वेबसाइटवर टाकते. म्हणजे अ‍ॅपमुळे चोरीची वाट बंद होते, पण फसवून मागून घेण्याची नाही. कोड कुठून आला याला महत्त्व नाही, तो कुणालाही सांगायचा नाही.

दुसरं, मागचं दार. अनेक खात्यांत अ‍ॅप लावल्यावरही ‘दुसरा मार्ग वापरा’ असा पर्याय राहतो, आणि तो मार्ग एसएमएसचाच असतो. पुढच्या दाराला मोठं कुलूप आणि मागचं दार नुसतं लोटलेलं. अ‍ॅप चालू झालं, ते दोनतीनदा वापरून पाहिलं, की एसएमएसचा पर्याय काढून टाकायला हवा. ते जमत नसेल तर निदान तो पर्याय शिल्लक आहे हे माहीत हवं.

तिसरं, फोन हरवला तर किल्लीही गेली. ही भीती खरी आहे, आणि त्यासाठीची तयारी पहिल्याच दिवशी करायची असते, हरवल्यावर नाही. ती कशी, ते आता पाहू.

कसं लावायचं

सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथे येऊन पडतात. जीमेल असेल तर गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये ‘Security’ या भागात ‘2-Step Verification’ आहे. त्यात ‘Authenticator’ निवडा. क्यूआर कोड दिसेल. तो संगणकाच्या किंवा दुसऱ्या फोनच्या पडद्यावर उघडलात तर स्कॅन करायला सोपं जातं. स्कॅन केलं की अ‍ॅपमधले सहा अंक टाकून खात्री करायची.

तिथेच थांबू नका. त्याच भागात ‘Backup codes’ मिळतात. आठ अंकी दहा कोड, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर लिहा आणि मुदत ठेवीच्या पावत्या जिथे ठेवता तिथे ठेवा. फोन हरवला तर यातल्या एका कोडाने आत जाता येतं आणि नव्या फोनवर अ‍ॅप पुन्हा लावता येतं.

क्यूआर कोडच्या बाबतीत एक काळजी घ्या. त्याचा फोटो काढून मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. तो फोटो म्हणजेच किल्ली, आणि ती कोडासारखी ३० सेकंदांनी जुनी होत नाही. घरातल्या दुसऱ्या फोनवरही कोड हवा असेल, तर दोन्ही फोन शेजारी ठेवून तोच चौकोन दोन्हींवर एकापाठोपाठ स्कॅन करा. दोन्ही फोन सारखाच कोड दाखवतील.

गूगलचं अ‍ॅप एप्रिल २०२३ पासून किल्ल्या गूगल खात्यात जतन करण्याची सोय देतं. नवा फोन घेतल्यावर ती कामाला येते. पण मग सगळ्या किल्ल्या एका गूगल खात्याच्या भरवशावर राहतात, आणि ते खातं एसएमएसने उघडत असेल तर आपण फिरून जिथे होतो तिथेच येतो.

कधी अ‍ॅपचा कोड बरोबर टाकूनही चालत नाही. अशा वेळी आधी फोनचं घड्याळ पाहा. सगळं गणित वेळेवर उभं आहे. घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल, तर फोन वेगळ्याच तुकड्याचा कोड दाखवतो. तारीख आणि वेळ ‘Automatic’ वर ठेवली की हा प्रश्न सहसा सुटतो.

ईमेलनंतर डीमॅट. ऑनलाइन ट्रेडिंग खात्यात लॉगिन करताना दुसरा पुरावा ३० सप्टेंबर २०२२ पासून सक्तीचा झाला आहे. तो कोणत्या रूपात द्यायचा याचे पर्याय ब्रोकर देतो, आणि अनेकांच्या सेटिंगमध्ये ‘TOTP’ नावाचा पर्याय असतो. ते ऑथेंटिकेटरचंच तांत्रिक नाव आहे.

आणि बँक?

बँकेत अजून बहुतेक ठिकाणी एसएमएसच चालतो, आणि तिथे गूगलचं ऑथेंटिकेटर लावायची सोय सहसा नसते. काही बँकांनी स्वतःची अ‍ॅप्स दिली आहेत. उदाहरणार्थ, स्टेट बँकेने ‘SBI Secure OTP’ नावाचं वेगळं अ‍ॅप आणलं, त्यात कोड एसएमएसऐवजी अ‍ॅपमध्ये दिसतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये पडताळणीबाबत नवे निर्देश काढले आणि ते १ एप्रिल २०२६ पासून लागू होतात. त्यांत एसएमएसचा ओटीपी बंद केलेला नाही, पण बँकांना इतर पद्धतींसाठी वाट मोकळी ठेवली आहे. म्हणून शाखेत गेलात की विचारा, ‘ओटीपी एसएमएसशिवाय मिळण्याची सोय आपल्या बँकेत आहे का?’

तोवर दोन गोष्टी करा. पहिली, नेट बँकिंगमधली दिवसाची हस्तांतर मर्यादा आपल्या गरजेइतकीच ठेवा. महिन्याला दहा हजार पाठवणाऱ्याला दिवसाला पाच लाखांची मर्यादा नको. ती वाढवायला चोरालाही वेळ लागतो.

दुसरी गोष्ट, रेंज. शेजारच्याच्या फोनला त्याच कंपनीची रेंज आहे आणि तुमच्या फोनला अर्धा तास नाही, तर फोन एकदा बंद करून चालू करा. तरी आली नाही, तर दुसऱ्या फोनवरून आपल्या मोबाइल कंपनीला विचारा: ‘माझ्या नंबरवर नवं सिम चालू झालंय का?’ हो असं उत्तर आलं, तर ते ताबडतोब बंद करायला सांगा, आणि लगेच बँकेला फोन करून नेट बँकिंग आणि कार्ड थांबवा. ते २४ तास यासाठीच आहेत.

पैसे गेलेच असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करा किंवा cybercrime.gov.in वर नोंदवा, आणि बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना तुमची अशी असेल, आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पण पासवर्ड किंवा ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

आज घरी गेल्यावर एवढंच करा: ईमेलला ऑथेंटिकेटर लावा आणि ते दहा कोड कागदावर उतरवून पावत्यांच्या पाकिटात घाला. आठवडाभर अ‍ॅप वापरून हात बसला, की ईमेलच्या सेटिंगमधून एसएमएसचा पर्याय काढा, आणि मग डीमॅटकडे वळा.